‘टू’नंतर मीट की मीटिंग?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतून नोकरीचे अर्ज सतत कुठे ना कुठे जात असतात. कोणी वागळे इस्टेटमधल्या कारखान्याला लिहितो, कोणी घोडबंदर रस्त्यावरच्या कार्यालयाला, कोणी ऐरोलीतल्या आयटी कंपनीला. शिक्षण आणि अनुभव प्रत्येकाचा वेगळा, पण अर्जाच्या तळाशी एक ओळ हमखास भेटते: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, स्पेलिंग बिनचूक आहे आणि वाक्य कानाला खटकतही नाही. तरी प्रमाण इंग्रजीत ते चूक आहे. तिथे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ हवे: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.’

ही चूक निष्काळजीपणाची नाही. जो विद्यार्थी ‘ही गो’ असे कधीच लिहिणार नाही, तोही हे लिहून जातो, कारण त्याच्या डोक्यात एक नियम पक्का बसलेला असतो: ‘टू’ आला की पुढे क्रियापदाचे मूळ रूप. ‘आय वॉन्ट टू गो’, ‘शी लाइक्स टू रीड’, ‘वुई हॅव टू वेट’ ही वाक्ये शाळेपासून इतक्या वेळा लिहिलेली असतात की ‘टू’ दिसल्यावर हात आपोआप मूळ रूपाकडे वळतो. नियम खोटा नाही. तो एका ‘टू’चा नियम आहे, आणि इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत.

पहिला ‘टू’ क्रियापदाची खूण आहे. ‘टू गो’, ‘टू रीड’ यांत त्याला स्वतःचा वेगळा अर्थ जवळजवळ नसतोच. पुढे क्रियापद येत आहे एवढेच तो सांगतो. या जोडीला व्याकरणात इन्फिनिटिव्ह म्हणतात. दुसरा ‘टू’ म्हणजे प्रीपोझिशन, आपल्या व्याकरणातल्या शब्दयोगी अव्ययाचा इंग्रजी भाऊबंद. ‘टू ठाणे’, ‘टू माय ब्रदर’, ‘फ्रॉम कल्याण टू कर्जत’ यांत तो नामाशी नाते जोडतो. एकाच इमारतीत एकाच नावाचे दोन भाडेकरू असले की टपाल भलत्याच दारात पडते, तसे या दोन ‘टू’चे होते. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ दुसऱ्या जातीचा आहे. त्याला पुढे नाम लागते. तिथे क्रियापदच आणायचे असेल, तर आधी त्याचे नाम करावे लागते. इंग्रजीत हे काम आयएनजी प्रत्यय करतो आणि तयार झालेल्या शब्दाला जेरंड म्हणतात. आपल्याकडे शाळेत शिकलेले धातुसाधित नाम ते हेच.

मराठी माणसाला हा नियम परका वाटायचे कारण नाही, कारण मराठीही तसेच वागते. ‘जा’ या धातूला ‘पूर्वी’ किंवा ‘ऐवजी’ जोडायचे असेल, तर आपण ते थेट धातूला चिकटवत नाही. ‘जापूर्वी’ असे दोन वर्षांचे मूलही म्हणणार नाही. आपण आधी ‘जाणे’ हे नाम करतो, त्याचे सामान्यरूप ‘जाण्या’ घेतो आणि मग म्हणतो जाण्यापूर्वी, जाण्याऐवजी, जाण्याशिवाय, जाण्याबद्दल. बोलताना ‘जायच्या आधी’ म्हटले, तरी धातू उघडा राहत नाहीच. इंग्रजीतले ‘बिफोर गोइंग’, ‘इन्स्टेड ऑफ गोइंग’, ‘विदाउट गोइंग’ ही नेमकी हीच रचना आहे. फरक इतकाच की आपले अव्यय शब्दानंतर येते आणि त्यांचे शब्दाआधी. म्हणूनच ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘विदाउट’, ‘बाय’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’ यांच्यानंतर आयएनजीचे रूप एकदा समजले की सहसा चुकत नाही. या शब्दांना दुसरे काम असले, तरी ते क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण होण्याचे नाही. घोटाळा ‘टू’पाशीच होतो.

त्यात मराठीही एका ठिकाणी वाट चुकवते. हे वाक्य मनात मराठीत जुळवणारा बहुधा म्हणतो, ‘मी तुम्हाला भेटायला उत्सुक आहे.’ त्यातले ‘भेटायला’ इंग्रजीत ‘टू मीट’ होते आणि ‘आय ॲम ईगर टू मीट यू’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे. मग ‘ईगर’च्या जागी ‘लुकिंग फॉरवर्ड’ बसवले जाते आणि पुढचे ‘टू मीट’ तसेच राहते. शब्द बदलला, पण त्याच्यापुढे येणारी रचना बदलायची राहून गेली. लिखित मराठीतली ‘तुम्हाला भेटण्याची वाट पाहतो’ ही रचना इंग्रजी वाक्याला जास्त जवळची आहे, कारण तिथे ‘भेटणे’ हे नाम होऊन ‘वाट’ या शब्दाशी जोडले जाते. पण याची चावी करू नये. ‘मी तुम्हाला भेटण्यासाठी आलो’ यातही ‘भेटण्या’ आहे आणि त्याचे इंग्रजी मात्र ‘आय केम टू मीट यू’ असे मूळ रूपानेच होते. मराठी आपल्याला चूक का झाली ते दाखवते. बरोबर रूप कोणते हे इंग्रजीतच तपासावे लागते.

या वाक्यापुरती आणखी तीन कारणे मला दिसतात. पहिले म्हणजे ‘मीटिंग’ हा शब्द आपल्याकडे केव्हाच मराठी झाला आहे आणि त्याचा अर्थ बैठक. सोसायटीची मीटिंग, शाळेतली पालकांची मीटिंग. त्यामुळे ‘टू मीटिंग यू’ वाचताना ‘बैठक तुम्हाला’ असे काहीतरी ऐकू येते आणि बरोबर रूपच चुकीचे वाटू लागते. इंग्रजीत या एकाच रूपात दोन शब्द राहतात. ‘आय लुक फॉरवर्ड टू द मीटिंग’ यात ‘मीटिंग’ पूर्ण नाम आहे, आधी ‘द’ आहे, अर्थ बैठक. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ यात ते जेरंड आहे: बाहेरून नाम, पण आत अजून क्रियापदाचा जीव आहे, म्हणून त्याला ‘यू’ हे कर्म घेता येते. मराठीतले ‘तुम्हाला भेटणे’ असेच आहे. ‘भेटणे’ नाम झाले, तरी ‘तुम्हाला’ सोडत नाही.

दुसरे कारण आयएनजीच्या पुनरुक्तीचे. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ यात आयएनजी दोनदा येतो. एका वाक्यात असे दोनदा कसे चालेल, म्हणून लिहिणारा दुसरा खोडतो. पण दोन्ही वेगवेगळ्या कामाचे आहेत. ‘लुकिंग’मधला आयएनजी ‘ॲम’शी जोडलेला, चालू काळ दाखवणारा. ‘मीटिंग’मधला ‘टू’शी जोडलेला, नाम करणारा. पहिला काढून ‘आय लुक फॉरवर्ड’ लिहिले, तरी दुसरा जागचा हलत नाही.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण ते बरोबर वाक्यातूनच येते. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे वाक्य प्रत्येकाने पाहिलेले असते आणि ते शुद्ध आहे. ‘रिप्लाय’ म्हणजे उत्तर देणे, हे तर क्रियापद, आणि त्याला इथे आयएनजी नाही. मग ‘मीट’ला कशाला? उत्तर मधल्या ‘युअर’मध्ये आहे. ‘युअर’नंतर आलेले ‘रिप्लाय’ हे नाम आहे, ‘तुमचे उत्तर’. इंग्रजीत रिप्लाय, व्हिजिट, वर्क, कॉल, ट्रॅव्हल असे कितीतरी शब्द रूप न बदलता नाम आणि क्रियापद दोन्ही असतात. ‘मीट’ तसा नाही. खेळांच्या स्पर्धेला ‘ॲथलेटिक मीट’ म्हणतात ते सोडले, तर भेट या अर्थी त्याचे नाम ‘मीटिंग’च.

आता तपासणीकडे. ‘टू’ कोणता हे ओळखण्याची एक सोपी कसोटी व्याकरणाचे शिक्षक वापरतात. ‘टू’च्या पुढचे क्रियापद काढून तिथे ‘इट’ ठेवायचे आणि वाक्य टिकते का पाहायचे. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ टिकते. म्हणजे हा ‘टू’ नाम स्वीकारतो, तेव्हा क्रियापद आणताना आयएनजीसकट आणायचे. ‘आय वॉन्ट टू इट’ टिकत नाही. तिथे क्रियापद मूळ रूपातच हवे. ‘आय ॲम हॅपी टू इट’ही टिकत नाही, म्हणून ‘हॅपी टू मीट यू’ बरोबर. ‘हॅपी टू मीट यू’ आणि ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ ही दोन वाक्ये अर्थाने शेजारी असूनही रूपाने वेगळी का, हे या एका ‘इट’ने कळते.

लोकलने रोज ये-जा करणाऱ्यासाठी या कसोटीचे सर्वांत चांगले उदाहरण ‘यूज्ड टू’ आहे. ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल टू ठाणे बाय ट्रेन’ म्हणजे मी पूर्वी ठाण्याला रेल्वेने जात असे, आता जात नाही. ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग टू ठाणे बाय ट्रेन’ म्हणजे मला रेल्वेने ठाण्याला जाण्याची सवय आहे, आजही जातो. दोन वाक्यांत फरक ‘ॲम’चा आणि आयएनजीचा, पण अर्थ जवळजवळ उलटा. ‘इट’ ठेवून पाहा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’, मला त्याची सवय आहे, हे टिकते. ‘आय यूज्ड टू इट’ टिकत नाही. मुलाखतीत कोणी विचारले की डोंबिवलीहून रोजची गर्दी झेपेल का आणि उत्तरात ‘ॲम’ राहून गेला, तर समोरच्याला ऐकू येते की हा माणूस पूर्वी प्रवास करायचा, आता सोडला. इथे रूप चुकले की अर्थच चुकतो, म्हणून ‘यूज्ड टू’पाशी मी ‘लुक फॉरवर्ड’पेक्षा जास्त सावध राहायला सांगेन.

कसोटी सोपी आहे, पण तिची मर्यादा नीट समजून घ्यावी. ‘इट’ टिकले नाही, तर मूळ रूपच येणार, हे खात्रीने म्हणता येते. ‘इट’ टिकले, तर बहुधा आयएनजी, पण दर वेळी नाही. ‘ॲग्री’ घ्या. ‘आय ॲग्री टू इट’ अगदी शुद्ध आहे, आणि ‘आय ॲग्री टू जॉइन ऑन मंडे’ हेही शुद्ध. कारण ‘ॲग्री’ला दोन्ही ‘टू’ चालतात: नामाबरोबर प्रीपोझिशन, क्रियापदाबरोबर इन्फिनिटिव्हची खूण. ‘कन्सेंट’ आणि ‘एन्टायटल्ड’ही याच घरातले. ‘एन्टायटल्ड टू अ रिफंड’ आणि ‘एन्टायटल्ड टू क्लेम अ रिफंड’ दोन्ही बरोबर. ‘प्रोन टू’नंतर तर दोन्ही रूपे आढळतात. अशा शब्दांपाशी कसोटी तुम्हाला दारापर्यंत नेते. आत शब्दकोशाशिवाय जाता येत नाही.

शब्दकोश म्हणजे इथे इंग्रजी-मराठी कोश नव्हे. तो अर्थ देतो, पण शब्दापुढे कोणते रूप येते हे बहुधा देत नाही. हवा तो लर्नर्स डिक्शनरी या प्रकारातला, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी रचलेला कोश. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश मूळ ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांबरोबर तयार केला. तो 1942 मध्ये तिथे छापला गेला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने आपल्या नावाने आणला. त्याच्या मूळ नावातच वाक्यरचनेचा उल्लेख होता, कारण कोणत्या शब्दापुढे कोणती रचना येते हे दाखवणे हाच त्या कोशाचा उद्देश होता. केंब्रिज आणि लाँगमन यांचेही असे कोश आहेत. तिन्ही आता इंटरनेटवर मोफत पाहता येतात.

हा कोश वाचायची एक पद्धत आहे. ‘फॉरवर्ड’ हा एकटा शब्द शोधला, तर नोंदींच्या गर्दीत हवे ते सापडायला वेळ लागतो. पूर्ण वाक्प्रयोग टाइप करावा. ऑक्सफर्डमध्ये समोर ज्या ओळी येतात त्या अशा:

```
look forward to something
look forward to doing something
```

दुसऱ्या ओळीतला `doing` हा शब्द म्हणजे अर्थ नव्हे, साचा आहे. त्याच्या जागी आपले क्रियापद त्याच रूपात बसवायचे. ज्या शब्दापुढे मूळ रूप लागते त्याच्या नोंदीत `to do something` असे छापलेले असते. ‘ॲग्री’ची नोंद उघडली, तर तिथे `agree to something` आणि `agree to do something` असे दोन साचे दिसतात, आणि वर सांगितलेली गाठ लगेच सुटते. केंब्रिजच्या कोशात हीच माहिती चौकटी कंसात `[ + -ing verb ]` किंवा `[ + to infinitive ]` अशी येते. अनेकजण या खुणा छपाईतली किरकोळ भर समजून सोडून देतात आणि थेट अर्थाकडे जातात. रूपाचा निकाल मात्र त्या खुणांमध्येच असतो.

कोशाने निकाल दिल्यावरही काहींच्या मनात शंका उरते: ‘पण सगळेच तर असे लिहितात.’ ही शंका रास्त आहे आणि ती तपासण्याचे साधन म्हणजे कॉर्पस, म्हणजे खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा संगणकात साठवलेला, शोधता येणारा मोठा संग्रह. या क्षेत्रात महाराष्ट्राचे स्वतःचे काम आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय इंग्रजीचा एक कॉर्पस बांधला. 1978 साली भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुरातून सुमारे 2,000 शब्दांचे एक असे 500 उतारे घेतले, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. त्यात वृत्तपत्रे आहेत, सरकारी अहवाल आहेत, कथा-कादंबऱ्या आहेत. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने 1961 च्या अमेरिकी मजकुराचा आणि लँकेस्टर, ओस्लो, बर्गेन इथल्या संशोधकांनी त्याच वर्षाच्या ब्रिटिश मजकुराचा असाच संग्रह केला होता. कोल्हापूरचा संग्रह मुद्दाम त्याच आराखड्यावर बेतला, म्हणजे तिन्ही शेजारी ठेवून तुलना करता यावी. भाषाशास्त्राच्या जगात तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो.

या नावाचा मला अभिमान वाटतो, पण आपल्या वाक्यासाठी हा कॉर्पस अपुरा पडतो आणि का अपुरा पडतो हे कळणे उपयोगाचे आहे. दहा लाख शब्द ऐकायला खूप वाटतात. पण ‘द’सारखा शब्द सोडला, तर चार-पाच शब्दांचा एखादा विशिष्ट वाक्प्रयोग इतक्या मजकुरात मोजक्याच वेळा येतो. त्यावरून ‘भारतात असेच लिहितात’ म्हणता येत नाही आणि ‘लिहीत नाहीत’ असेही नाही. शिवाय तो सगळा छापील मजकूर आहे, म्हणजे संपादकाच्या हाताखालून गेलेला. ‘लुक फॉरवर्ड टू मीट’ जिथे राहते ते अर्ज, पत्रे, ईमेल त्यात नाहीत. पुढे आंतरराष्ट्रीय आराखड्यावर भारतीय इंग्रजीचा जो दुसरा कॉर्पस झाला, त्यातही शास्त्री यांचा वाटा होता. त्यात बोलणे आणि पत्रे यांनाही जागा मिळाली, पण आकार तेवढाच, दहा लाख शब्द.

मोठा आकार हवा असेल, तर `english-corpora.org` या ठिकाणी जावे. मोफत नोंदणी करून मर्यादित शोध घेता येतात. तिथला अमेरिकी इंग्रजीचा कॉर्पस एक अब्जाहून जास्त शब्दांचा आहे. दुसरा एक संग्रह वीस देशांमधल्या इंग्रजी मजकुराचा आहे. त्यात भारत आणि ब्रिटन वेगळ्या रकान्यांत दिसतात, त्यामुळे एखादी रचना आपल्याकडचीच आहे की सगळीकडची, हे डोळ्यांनी पाहता येते. शोध असा टाकायचा:

```
LOOK forward to _vvg
LOOK forward to _vvi
```

मोठ्या अक्षरांतले `LOOK` म्हणजे त्या क्रियापदाची सगळी रूपे. `_vvg` म्हणजे आयएनजीचे क्रियापद आणि `_vvi` म्हणजे मूळ रूप. पहिल्या ओळीचे आकडे आणि दुसरीचे आकडे शेजारी ठेवायचे. नुसत्या आकड्यांवर मात्र थांबू नये, दुसऱ्या ओळीतली उदाहरणे उघडून वाचावीत. मूळ रूप म्हणून मोजलेली काही उदाहरणे प्रत्यक्षात नामे निघतात. ‘लुक फॉरवर्ड टू वर्क ऑन मंडे’ यातले ‘वर्क’ नामही असू शकते, आणि खुणा लावणारे यंत्र तिथे चुकते.

नोंदणी नको असेल, तर गूगलचा एनग्राम व्ह्यूअर आहे. तो छापील पुस्तकांमधले वर्षवार प्रमाण आलेख काढून दाखवतो:

```
look forward to meet,look forward to meeting
```

इथे शोध आखूड करण्याचा मोह टाळावा. कोणी फक्त `forward to meet` शोधले, तर त्यात ‘ही केम फॉरवर्ड टू मीट अस’ अशी वाक्येही मोजली जातात, म्हणजे तो आम्हाला भेटायला पुढे आला. तिथे ‘टू’ हेतू दाखवणारा आहे, ‘मीट’ बरोबर आहे आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. साध्या गूगल शोधात वर जो ‘इतके निकाल’ असा आकडा येतो, त्यावर तर निर्णय घेऊच नये. तो अंदाज असतो, बदलत राहतो आणि त्यात ‘ही चूक करू नका’ असे शिकवणारी पानेसुद्धा त्या चुकीच्याच बाजूने मोजली जातात.

जुन्या पुस्तकांमधला पुरावाही जपून घ्यावा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चे. त्या काळात छापलेले इंग्रजी पुस्तक हाती आले, तर ‘अकस्टम्ड टू सी’ अशी रचना सहज भेटेल. ‘अकस्टम्ड’ म्हणजे सवय असलेला. आज त्यापुढे ‘सीइंग’ लिहितात, पण एकोणिसाव्या शतकात मूळ रूप सर्रास चालत असे. ‘ऑब्जेक्ट टू’चेही तसेच झाले. गेल्या दोनशे वर्षांत इंग्रजीत असे काही शब्द हळूहळू मूळ रूपाकडून आयएनजीकडे सरकले. तेव्हा आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकात वेगळे रूप दिसले, तर ते पुस्तक चुकीचे नाही. त्याचा काळ वेगळा आहे. अर्ज आज लिहायचा असेल, तर कोशाची चालू आवृत्ती पाहावी.

आता एक पूर्ण अर्ज घेऊ. मी रचलेला आहे, पण त्यातले प्रत्येक वाक्य ओळखीचे वाटेल. डोंबिवलीतली एक तरुणी ठाण्यातल्या फर्मला लेखापालाच्या जागेसाठी लिहिते: ‘आफ्टर कम्प्लीट माय बीकॉम, आय वर्क्ड इन अ सीए फर्म. इन ॲडिशन टू फाइल जीएसटी रिटर्न्स, आय प्रिपेअर्ड द पेरोल. आय ॲम यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर. आय ॲम इंटरेस्टेड टू वर्क विथ यू. आय ॲग्री टू जॉइन विदिन फिफ्टीन डेज. आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.’

पहिले वाक्य ‘आफ्टर’चे. इथे ‘टू’ नाही, म्हणून गोंधळही नाही: ‘आफ्टर कम्प्लीटिंग’. दुसऱ्यात ‘इन ॲडिशन टू’. ‘इन ॲडिशन टू इट’ टिकते, कोशात ‘इन ॲडिशन टू समथिंग’ असा साचा आहे, तेव्हा ‘फायलिंग’. याच जातीचा ‘विथ अ व्ह्यू टू’ आपल्याकडच्या परिपत्रकांमध्ये फार येतो आणि त्यापुढे ‘इम्प्रूव्ह’ लिहिलेले दिसते. प्रमाण रूप ‘इम्प्रूव्हिंग’. अर्थ ‘इन ऑर्डर टू’चाच आहे, आणि ‘इन ऑर्डर टू’नंतर मूळ रूप येते, म्हणून हात तिकडे वळतो. तिसरे वाक्य कसोटीलाही फसवू शकते. ‘यूज्ड टू वर्क’ यात ‘वर्क’ नाम धरले, तर ‘कामाची सवय’ असा अर्थ निघतो आणि वाक्य तांत्रिकदृष्ट्या वाचते. पण ‘दबावाखाली काम करण्याची’ हे सांगायचे असेल, तर ‘वर्किंग’च हवे आणि वाचणाऱ्यालाही तेच अपेक्षित असते. पाचवे वाक्य, ‘ॲग्री टू जॉइन’, शुद्ध आहे. नवा नियम शिकल्याच्या उत्साहात ‘ॲग्री टू जॉइनिंग’ करू नये. शेवटचे वाक्य आपण पाहिलेच: ‘मीटिंग यू’.

राहिले चौथे, आणि तेच सर्वांत विचार करायला लावणारे. ‘इंटरेस्टेड टू इट’ टिकत नाही, म्हणजे कसोटीप्रमाणे ‘इंटरेस्टेड टू वर्क’ बरोबर ठरायला हवे. पण ते इथे बसत नाही. कोश उघडला की दोन साचे दिसतात: `interested in doing something` आणि `interested to do something`. दुसऱ्या साच्याखालची उदाहरणे वाचली, तर तिथे ऐकणे, पाहणे, कळणे, शिकणे अशीच क्रियापदे येतात. ‘आय वॉज इंटरेस्टेड टू हिअर युअर व्ह्यूज’, तुमचे मत ऐकून कुतूहल वाटले. एखादी गोष्ट करण्यात रस असणे, काम करण्याची इच्छा असणे, याला पहिला साचा लागतो: ‘आय ॲम इंटरेस्टेड इन वर्किंग विथ यू’. इथे चूक ‘टू’नंतरच्या रूपाची नाही, ‘टू’ हा शब्दच चुकीचा निवडला गेला. म्हणून तपासताना ‘टू’च्या उजवीकडे पाहण्याआधी डावीकडच्या शब्दाची नोंद वाचावी. त्याला ‘टू’ लागतो की ‘इन’, हे ठरल्यावरच पुढचे रूप ठरवता येते.